वारशाची जाहिरात लिहिताना मूस डोळ्यांसमोर ठेवा

प्रश्न: लग्नसराईसाठी सोन्याच्या दागिन्यांच्या नव्या संग्रहाची जाहिरात लिहायची आहे. क्लायंट म्हणतो, भावाबद्दल एक शब्द नको, ‘पिढ्यानपिढ्यांचा वारसा’ हाच सूर हवा. कॉपी कशी लिहू? दोन-चार टॅगलाइन सुचवाल का?

टॅगलाइन मी सुचवणार नाही. तुम्ही कारखान्यात जाऊन, तो दागिना हातात घेऊन, कारागिराशी तासभर बोलून या. टॅगलाइन तिथेच सापडेल, आणि नाही सापडली तर त्या संग्रहाला वारसा म्हणू नये एवढं तरी कळेल. मी बरीच वर्षं दागिन्यांच्या जाहिराती लिहिते आहे आणि याच विषयावर माझं एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं, म्हणून जरा लांबून सांगते.

आमच्याकडे एका पेढीचं काम आलं. लग्नसराईचा संग्रह, त्यात मुख्य मान पाटल्यांचा. सूर तोच, तुमच्या क्लायंटला हवाय तो. मी पहिल्याच बैठकीत विचारलं, “पाटल्या भरीव आहेत की पोकळ?” शेठजींनी आमच्या अकाउंट हेडकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॉपी लिहिणारीला हे कशाला हवं, असा एकंदर भाव. शेवटी शेठजी म्हणाले, “ताई, दिसायला भरदस्त आहेत. ते महत्त्वाचं.”

मी कारखान्यात गेले. तिथल्या वयस्कर कारागीरकाकांनी ट्रेमधली एक पाटली उचलून माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या हातात त्याच मापाची एक जुनी, दुरुस्तीला आलेली दिली. काही बोलायची गरजच उरली नाही. नवी पातळ पत्र्याची होती, आत लाख भरलेली. लाख भरली की दागिना हाताला भक्कम लागतो आणि पत्रा सहजी चेपत नाही. यात फसवणूक नाही, ती जुनी आणि मान्य पद्धत आहे. कमी सोन्यात मोठा दिसणारा दागिना ज्याला हवा त्याच्यासाठी ती उत्तमच आहे. प्रश्न पुढचा आहे. मी काकांना विचारलं, “ही पाटली उद्या मुलीच्या हाताला घट्ट झाली तर मोठी करता येईल का?”

त्यांनी जे सांगितलं त्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. भरीव पाटली मोठी करायची तर ती एका जागी कापतात, त्याच कसाच्या सोन्याचा तुकडा घालतात, झाळतात, घासून साफ करतात. लाखेच्या पाटलीला हे थेट करता येत नाही. लाख उकळत्या पाण्याच्या आतल्या उष्णतेलाच मऊ पडते, आणि झाळायची ज्योत कित्येक शे अंशांची असते. आधी सगळी लाख काढायची, मग झाळायचं, मग पुन्हा भरायची. एवढ्यात पातळ पत्रा वेडावाकडा होण्याची भीती. “म्हणून लोक म्हणतात, राहू द्या, मोडून टाका,” काका म्हणाले. “दुरुस्तीला कोण बसतंय?”

दागिना घरातून नाहीसा कसा होतो, याचा विचार वारशाची कॉपी लिहिणारे करत नाहीत. चोरी क्वचितच होते. बहुतेक दागिने मोडीत जातात. पेच सैल झाला, फासा तुटला, माप बसेना, घडण जुनाट वाटायला लागली, दोन बहिणींत एकच हार होता. कारण कुठलंही असो, शेवट मुशीत होतो. तिथे आजीची नक्षी आणि कालची नक्षी सारखीच वितळते, हातात फक्त वजन आणि कस उरतो. म्हणजे वारशाच्या जाहिरातीचा खरा प्रतिस्पर्धी समोरचा सराफ नसून मूस आहे. तुमच्या कॉपीला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: हा दागिना पुढच्या पंचवीस वर्षांत कुणी वितळवणार कसं नाही? ‘पिढ्यानपिढ्यांचा विश्वास’, ‘नात्यांची वीण’, ‘आठवणींचा ठेवा’ असले शब्द या प्रश्नाच्या आसपासही फिरकत नाहीत.

आता भांडण. माझा पहिला मसुदा गेला. तो त्या लाखेच्या पाटल्यांबद्दल नव्हताच. त्याच संग्रहात एक भरीव, पेचाची पाटली होती, फारशी चमकदार नसलेली, आणि मी जाहिरात तिच्यावर उभी केली होती. आमच्या अकाउंट हेडना तो आवडला. शेठजींनाही आवडला. पण मांडणी होऊन परत आली तेव्हा खालच्या कोपऱ्यात लाल पट्टी होती: ‘जुनं सोनं द्या, नवं घ्या. मोडीवर घट नाही. घडणावळीवर सूट.’

मी म्हटलं, वर वारसा आणि खाली मोड, हे एका कागदावर चालणार नाही. वर आपण वाचकाला सांगतोय की दागिना जपा, खाली सांगतोय की जपलेला घेऊन या, वितळवू. आणि घडणावळीवर सूट तर सगळ्यात वाईट. सोन्याचा त्या दिवसाचा भाव सगळीकडे जवळपास सारखा असतो. एका पेढीला दुसऱ्या पेढीपासून वेगळं काही करत असेल तर ती घडण. मोडीत तुम्हाला धातूचे पैसे मिळतात, घडणावळीचे मिळत नाहीत. घडणावळ वसूल व्हायची तर तो दागिना वर्षानुवर्षं अंगावर घालून, पुढच्या हातात देऊनच होते. वारसा म्हणजे हिशेबाच्या भाषेत नेमकं हेच. त्याच घडणावळीवर तुम्ही स्वतः सूट जाहीर करता, तेव्हा वाचकाला कळतं की कारागिराच्या कामाची किंमत तुमच्या लेखीही सरकती आहे.

आमचे हेड म्हणाले, “भावाचं काहीच नसेल तर फोन वाजत नाही. तुम्ही लेखिका आहात, दुकान त्यांना चालवायचंय.” मी विरोध केला, तो लेखी नोंदवला, आणि पट्टी तशीच छापली गेली.

जाहिरात आली त्या रविवारी मी दुकानात जाऊन बसले. ही सवय तुम्हीही लावून घ्या. काउंटरच्या मागे नाही, समोर, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत. एक आई आणि तिची लग्न ठरलेली मुलगी आल्या. आईने रुमालातून पाटल्यांचा जोड काढला. भरीव, हाताने कोरलेला, नक्षीच्या खोलगट जागी वर्षांचा काळसर मळ बसलेला. तिला तो मोडीत घालून जाहिरातीतल्या संग्रहातला नवा जोड घ्यायचा होता. विक्रेत्याने विचारलं, जुना का द्यायचाय? ती म्हणाली, “अहो, एकाचा पेच लागत नाही. घातला की निसटतो. मग नुसता लॉकरमध्येच पडून असतो.” आणि मुलीच्या हाताला जरा मोठाही होता.

पेच. नवा पेच बसवणं आणि माप थोडं कमी करणं, हे त्या काकांचं एका दुपारचं काम होतं. विक्रेत्याला ते माहीत नव्हतं, किंवा त्याच्या महिन्याच्या हिशेबात ते बसत नव्हतं. काट्यावर वजन झालं, कस लागला, पावती फाडली. आमच्या वारशाच्या जाहिरातीने त्या घरातला खरा वारसा मुशीत पाठवला आणि बदल्यात लाखेचा जोड दिला. कोणी खोटं बोललं नाही, कायद्याचं काही मोडलं नाही. पण त्या लाल पट्टीवर माझं मत तेव्हा जे पक्कं झालं ते आजही तसूभर हललेलं नाही.

सोमवारी मी शेठजींकडे एकटीच गेले आणि हेच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. पुढच्या लग्नसराईला त्यांनी पट्टी काढली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाटल्यांची घडणच बदलली. जाहिरात लिहिताना घडणीपर्यंत जाता येतं, हे लक्षात ठेवा. काकांनी सुचवलं की पेचाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा बिनानक्षीची ठेवावी, म्हणजे उद्या माप बदलताना कापायचं तिथेच, नक्षीला हात लागत नाही. पेच वेगळा काढता येईल असा केला. आतल्या बाजूला नाव कोरण्यापुरती सपाट जागा ठेवली. कोरायचं हाताने, खोल, कारण वरवरचं कोरलेलं काही वेळा पॉलिश केल्यावर पुसट होतं. प्रत्येक पॉलिशला सोन्याचा अगदी बारीक थर जातच असतो.

मग कॉपी लिहायला मला फारसं काही करावंच लागलं नाही. ती अशी होती:

‘ही पाटली भरीव आहे. बोटांनी दाबून बघा.
पेच झिजला तर पेच बदलतो, पाटली बदलावी लागत नाही.
मनगट बदललं तर हीच पाटली मोठी होते, लहान होते. नक्षी तशीच राहते, कारण सांध्याची जागा आम्ही नक्षीबाहेर सोडली आहे.
आतल्या बाजूला दोन नावांपुरती जागा आहे. पहिलं तुमच्या मुलीचं. दुसरं तिने ठरवायचं.’

वर मथळा होता: ‘ही पाटली मोडायची वेळ येऊ नये, म्हणून.’ खाली पेढीचं नाव, आणि एक ओळ: दुरुस्ती आमच्याकडे होते, पावती जपून ठेवा.

यात ‘वारसा’ हा शब्द नाही. ‘पिढी’ नाही. आजी नाही, डोळ्यांत पाणी नाही, निरांजनाच्या उजेडातला चेहरा नाही. भावाचाही शब्द नाही, आणि तरी भावाच्या प्रश्नाचं उत्तर आहे, कारण भरीव म्हटल्यावर वाचणाऱ्याला वजनाचा अंदाज येतोच. प्रत्येक ओळ दुकानात पडताळून बघता येते. बोटांनी दाबून बघा म्हटलं की लोक खरोखर दाबून बघतात, आणि तिथे विक्रेत्याला बोलायला विषय मिळतो. विक्रेत्यांना आम्ही एकच गोष्ट वेगळी शिकवली: कुणी जुना दागिना मोडीला आणला की आधी विचारायचं, याचं काय बिघडलंय?

शेवटच्या ओळीवर थोडा वाद झाला. शेठजींना ‘दुसरं तुमच्या नातीचं’ असं हवं होतं. मी नकार दिला. लग्न ठरलेल्या मुलीला तिच्या लग्नाआधीच तिच्या मुलीची आठवण करून देणारी जाहिरात मला लिहायची नाही. दागिना तिचा आहे, पुढे कुणाला द्यायचा, द्यायचा की नाही, हे ती ठरवेल. आणि एक व्यवहाराची गोष्ट: लग्नातला मोठा दागिना बहुतेक वेळा आईवडील घेतात, घालणार असते मुलगी. कॉपी दोघांनाही वाचायची असते. आईला ‘टिकेल का’ हे हवं असतं, मुलीला ‘माझं राहील का’ हे. फक्त आईशी बोलणारी वारशाची जाहिरात मुलीला ओझं वाटते. मुलीने एकदा नाक मुरडलं की तो जोड लग्नानंतर सरळ लॉकरमध्ये जातो आणि तिथून पुढचा रस्ता तुम्हाला माहीत आहे.

तुमचा क्लायंट बहुधा हिऱ्यांच्या त्या प्रसिद्ध इंग्रजी ओळीचं उदाहरण देईल, हिरा कायमचा असतो या अर्थाची. माझ्यासमोरही ती फेकली गेली होती. ती १९४७ मध्ये फ्रान्सेस गेरेटी या लेखिकेने एन. डब्ल्यू. आयर या जाहिरात संस्थेत डी बीअर्ससाठी लिहिली. ती ओळ नुसती प्रेमाची नव्हती. लोकांनी घेतलेले हिरे पुन्हा बाजारात आले तर नव्या हिऱ्यांचा भाव पडतो, त्यामुळे दिलेला हिरा विकू नये असं वाटायला लावणं कंपनीच्या सोयीचं होतं. तिथे ओळ आणि धंदा एकाच दिशेने चालत होते. सोन्याच्या पेढीचं तसं नाही, ती मोडीवरही कमावते. म्हणून ‘कायमचं’ हा शब्द सोन्याला उसना आणू नका. हिरा कुणी वितळवून दुसरा घडवत नाही, सोनं मात्र पुन्हा पुन्हा वितळतं.

त्यापेक्षा पाटेक फिलिप या घड्याळवाल्यांकडे बघा. १९९६ पासून त्यांच्या जाहिराती सांगत आल्या की हे घड्याळ तुमच्या मालकीचं नसतंच, तुम्ही ते पुढच्या पिढीसाठी फक्त सांभाळता. ती ओळ पोकळ वाटत नाही, कारण १८३९ पासून त्यांनी बनवलेलं कुठलंही घड्याळ दुरुस्त करून देण्याची तयारी ती कंपनी जाहीरपणे सांगते. वारशाच्या ओळीमागे दुरुस्तीचं टेबल उभं असावं लागतं. तुमच्या क्लायंटला हा एकच प्रश्न विचारा: वीस वर्षांनी हा दागिना घेऊन कुणी आलं तर तुम्ही काय करून द्याल? उत्तर आलं तर तेच लिहा.

तुमच्या संग्रहात फक्त सोनं नसेल तर काकांच्या जागी त्या त्या कामाचा माणूस गाठा, कारण प्रत्येक घडणीचा कच्चा दुवा वेगळा. मीनाकारी म्हणजे धातूवर भट्टीत वितळवून बसवलेली काच. तिचा टवका उडाला तर तेवढ्याच जागी रंग भरून भागत नाही, पुन्हा भट्टी लागते आणि त्याआधी खडे काढावे लागतात. कुंदनकामात खड्यामागे चमकीचा पातळ वर्ख असतो. आत पाणी गेलं की तो काळवंडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. मोत्यांना घाम आणि अत्तर सोसत नाही, आणि ते दोऱ्यात असतील तर दोरा अधूनमधून बदलून पुन्हा गाठवावे लागतात. कुंदनाच्या हाराची वारशाची जाहिरात लिहिताना ‘धुवू नका, मऊ कापडाने पुसा, डबीत वेगळा ठेवा’ ही ओळ जाहिरातीतच घाला. जपायची रीत सांगणं हाच वारशाचा सगळ्यात प्रामाणिक मजकूर आहे. अनेक क्लायंट म्हणतात, यामुळे माल नाजूक वाटतो. वाटू दे. नाजूक वस्तू लोक जास्त सांभाळतात.

काही गोष्टी राहिल्या. हलक्या वजनाचे, रोज घालायचे दागिने वाईट असतात असं मी म्हणत नाही. ज्यांना बजेटमध्ये छान दिसायचंय त्यांच्यासाठी ते हवेतच, आणि त्यांची जाहिरात हलकेपणावर, घालायच्या सोयीवर करावी. तिथे वारसा घुसवू नये, एवढंच. मोडीची योजनाही चुकीची नाही. अडचणीत सोनं मोडून घर सावरणाऱ्यांना तिची गरज असते, आणि तुटलेल्या साखळ्या, एकटं उरलेलं कानातलं यांचं दुसरं काय करणार. ती जाहिरात वेगळी करा, वेगळ्या आठवड्यात करा. ‘भाव नको’ याचा अर्थ दुकानात भाव लपवणं असाही नाही. बिलावर वजन, कस, घडणावळ वेगवेगळी दिसली पाहिजे. बावीस कॅरट असेल तर ९१६ चा शिक्का आणि भिंग काउंटरवर हवं. आणि वारसा म्हणता म्हणता कुठे ‘गुंतवणूक’, ‘किंमत वाढतच जाणार’ असं लिहून बसू नका. ते वचन तुमच्या हातात नाही, आणि मग पुन्हा भावाचीच गोष्ट सुरू होते.

क्लायंटने शेवटच्या क्षणी लाल पट्टी पुढे केली, आणि तो करेलच, तर वाद सौंदर्याचा करू नका. मी तोच केला असता तर हरले असते. त्याला त्याच्याच दुकानात रविवारी गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसवा आणि मोडीला येणाऱ्या दागिन्यांपैकी किती नुसत्या पेचासाठी, फाशासाठी, मापासाठी येतात ते त्याला स्वतःला मोजू द्या. आमचे तेव्हाचे हेड आजही म्हणतात की पट्टीशिवाय फोन वाजत नाही. वाजत नसतील. त्या पेढीत पुढच्या लग्नसराईला लोक जाहिरातीचं कात्रण घेऊन आले आणि ‘ती दाबून बघायची पाटली दाखवा’ म्हणाले, ते मी समोर बसून ऐकलं आहे.